सोमवारी पाचपर्यंत

ललित खंडारे बडनेऱ्याच्या एका सरकीच्या तेलगिरणीत अकाउंटंट होता. गेल्या दिवाळीनंतर मालकांनी गिरणी बंद केली. शेवटच्या दिवशी सगळ्यांची देणी भागवून, त्यांच्या सह्या घेऊन, सर्वांत शेवटी स्वतःची सही करून तो घरी आला. तेव्हापासून तो घरीच होता.

घर म्हणजे अमरावतीतलं आमच्या शेजारचं. बायको माया भातकुली तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. ती सकाळी निघते ती दिवे लागायला परत. वडील देवमन एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. दोन वर्षांपूर्वी त्यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं आणि घास गिळण्याची ताकद अर्धवट राहिली. दुपारचं जेवण त्यांना पातळ करून, चमच्याने, एकेक घोट घशाखाली उतरल्याची खात्री करून भरवावं लागतं. हे काम ललितच करायचा. गिरणी चालू असतानाही तो दुपारी स्कूटरवर घरी यायचा आणि भरवून परत जायचा. बाई ठेवून पाहिली, तर देवमन तोंड उघडेनात. सून भरवायची ते फक्त रविवारी आणि तेही ललित समोर बसला असेल तरच.

म्हणून नोकरी अमरावतीतच हवी होती. मिळाली ती अकोल्याला.

अकोल्याच्या एमआयडीसीतल्या एका बियाणे कंपनीचं ऑफर लेटर मंगळवारी ईमेलवर आलं. पद चांगलं, पगार गिरणीपेक्षा बरा. स्वीकारत असल्याचं शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत कळवायचं होतं. त्याच सुमारास नांदगाव पेठच्या एका कापड कारखान्यात त्याच्या मुलाखतीच्या दोन फेऱ्या झाल्या होत्या आणि शेवटची मुलाखत पुढच्या मंगळवारी होती. नांदगाव पेठ म्हणजे घरापासून स्कूटरच्या अंतरावर. तिथली नोकरी मिळाली तर दुपारी घरी येता आलं असतं. अकोल्याला जाऊन-येऊन केलं काय किंवा तिथे खोली घेतली काय, दुपार हातची जाणारच होती. आणि कुटुंब अकोल्याला हलवावं तर मायाची शाळा इकडे.

बुधवारी तो लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आला. मी महाविद्यालयाच्या लेखा विभागातून निवृत्त झालेलो असल्यामुळे असली पत्रं तो मला दाखवायचा.

"मुदत मागितली तर रागावतील का हो, भाऊ? म्हणतील, याले गरजच नाही दिसत."

"मागणाऱ्याला कोणी फाशी देत नाही," मी म्हटलं. "मुदत संपायच्या आत माग. आभार मान, काम आवडल्याचं लिही, आणि किती दिवस हवेत ते तारखेनिशी लिही. 'थोडा वेळ द्या' असं मोघम नको."

"दुसऱ्या मुलाखतीचं लिहू?"

"आपण होऊन कारखान्याचं नाव सांगायची गरज नाही. पण विचारलं तर खोटं बोलू नकोस."

पुढच्या गुरुवारपर्यंत मुदत मागणारं चार ओळींचं पत्र तयार झालं. पाठवायचं बटण मात्र त्याच्याच्याने दाबवेना. शेवटी शाळेतून आलेल्या मायाने, खांद्यावरची पर्स न काढता, ते दाबलं.

"गेलं. आता काय करतेत ते करू दे त्याईले," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या मनुष्यबळ विभागातून फोन आला. देवश्री मॅडम नावाच्या तरुण बाई होत्या, बोलायला सरळ.

"खंडारे सर, गुरुवार फार लांब होतो. आमचे अकाउंटंट महिनाअखेर सोडून चाललेत. ते असतानाच नव्या माणसाने काम समजून घ्यायला हवं. दुसरा उमेदवारही आम्ही थांबवून ठेवलाय. तुम्हाला एवढा वेळ कशासाठी हवाय? दुसरीकडे काही चालू आहे का?"

सरळ प्रश्न होता. उत्तर तयार होतं, पाठ होतं. पण आठ महिने तो घरी बसलेला होता. आपण 'हो' म्हटलं की बाई त्या दुसऱ्या उमेदवाराला फोन लावणार, असं त्याला वाटलं.

"नाही नाही, मॅडम. तसं काही नाही. वडील आजारी आहेत, त्यांची व्यवस्था लावायची आहे."

"ठीक आहे. सोमवारी पाचपर्यंत थांबते. तसं लेखी कळवते."

फोन ठेवल्यावर तो मला म्हणाला, "वडिलांचं खरंच होतं नं, भाऊ."

मग त्याने योग्य ते केलं. नांदगाव पेठला फोन करून स्पष्ट सांगितलं की हातात एक ऑफर आहे, सोमवारी उत्तर द्यायचं आहे, मुलाखत आधी घेता येईल का? त्यांनी शनिवारी बोलावलं. मुलाखत चांगली झाली. जीएसटीचं विचारलं, साठ्याच्या मूल्यांकनाचं विचारलं, कारखान्याच्या व्यवस्थापकांनी चहा पाजला. निघताना मात्र ते म्हणाले, "आमच्याकडून तुमचं नाव पाठवतो. पण मंजुरी इंदूरच्या ऑफिसची लागते. बुधवारच्या आत येईल असं वाटत नाही."

सोमवार आणि बुधवार यांच्यामध्ये तो अडकला. रविवारी रात्री न जेवता बसला होता, तेव्हा बार्शीटाकळीहून देवीदास मामाचा फोन आला. मामा म्हणजे त्याच्या आईचा धाकटा भाऊ. ललितची आई गेल्यावर त्याच्या शिक्षणाचं सगळं यांनीच पाहिलं. कॉलेजचा प्रवेश, वसतिगृहातली खोली, देवमनांचा दवाखान्यातला पलंग, एकही काम नुसत्या अर्जाने झालेलं मामांनी पाहिलेलं नव्हतं. ओळखीचा माणूस घ्यायचा, समोर जाऊन उभं राहायचं, हात जोडायचे, मग काम होतं. ललितने त्यांना सोमवार-बुधवारचा पेच सांगितला.

"अबे, हो म्हणून टाक नं! अमरावतीचं झालं का सोडून देजो."

"असं नाही करता येत, मामा. इकडचे सारे सीए एकमेकाले वळखतात. महिन्यात सोडून गेलो तर पुन्हा कोण उभं करन मले?"

"मंग मुदत वाढवून घे."

"घेतली. आता कोणत्या तोंडानं मागू?"

"तू नको मांगू. मी हावो नं," मामा म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला. याचा अर्थ ललितला तेव्हा कळला नाही. तो समजला की मामा धीर देऊन राहिले.

मामांच्या गावचा श्याम त्याच कंपनीच्या गोदामात कामाला होता. सोमवारी सकाळी मामा पांढरा सदरा घालून अकोल्याला गेले, श्यामला बोलावून घेतलं आणि त्याच्या ओळखीने थेट ऑफिसात शिरले. पुढचं श्यामनेच नंतर सांगितलं. मामा देवश्री मॅडमच्या टेबलासमोर उभे राहिले. खुर्ची देऊ केली तरी बसले नाहीत.

"बाईसाहेब, पोरगं हिऱ्यासारखं आहे. फकस्त बुधवारलोक थांबा. अमरावतीच्या कारखान्याचा निकाल बुधवारी लागून राहिला. तिथं नाही झालं तर तुमचंच आहे ते, मी शब्द देतो."

मामांना वाटलं, काम झालं. बाहेर येऊन त्यांनी श्यामला चहाही पाजला.

ललित वडिलांचं जेवण कुकरमध्ये लावत होता तेव्हा फोन वाजला.

"खंडारे सर, तुमचे मामा येऊन गेले."

त्याला आधी काही समजेचना. मग समजलं.

"मी तुम्हाला थेट विचारलं होतं. दुसरीकडे काही चालू नाही म्हणालात."

"चुकलं, मॅडम. मी घाबरलो. मामांना मी पाठवलं नव्हतं, पण ते बोलले ते खरं आहे."

"त्या दिवशीच सांगितलं असतं तर मी साहेबांकडून बुधवारपर्यंत वेळ घेतला असता. लोक चार ठिकाणी मुलाखती देतातच, त्यात काही गैर नाही. पण साहेब आता म्हणतायत, असा खोटं बोलणारा माणूस आपले हिशेब पाहणार? मी त्यांना समजावलंय. ऑफर मागे घेत नाही. पण आज पाचच्या पुढे एक मिनिटही नाही. हो असेल तर लेखी हो, नाहीतर मी दुसऱ्या उमेदवाराला कळवते."

त्याने नांदगाव पेठला फोन लावला. व्यवस्थापक चांगले होते, पण त्यांच्या हातात काही नव्हतं. "माझ्या मनात तुम्हीच आहात. पण लेखी देऊ शकत नाही. मला विचाराल तर हातातलं सोडू नका."

मायाला मधल्या सुट्टीत फोन केला. मागे पोरांचा गलका होता.

"तुले काय वाटते?" त्याने विचारलं.

"माह्या एकटीच्या पगारावर किती दिवस? बाबांचं पायता येईल."

"कोण पायन?"

घंटा वाजली तशी ती म्हणाली, "जाते आता," आणि फोन ठेवला.

दुपारी त्याने वडिलांना भरवलं. मी तेव्हा तिथे होतो. मऊ खिचडीचा चमचा तोंडाशी न्यायचा, "आ करा, बाबा," म्हणायचं, घास आत गेला की डाव्या गालाला बोट लावून चालना द्यायची, कंठ हलला की पुढचा चमचा. देवमन त्याच्या तोंडाकडे पाहत जेवतात. तो स्वतःही नकळत आ करतो. त्या दिवशी त्याने वाटी खरडून संपवली, वडिलांचं तोंड पुसलं आणि तिथेच पलंगाला टेकून जमिनीवर बसला. चार वाजले, साडेचार वाजले. "भाऊ, बुधवारी अमरावतीचं हो आलं तर?" त्याने विचारलं. नाही आलं तर काय, हे त्याने विचारलं नाही. ते त्याला ठाऊक होतं.

पाचला दहा मिनिटं कमी असताना त्याने अकोल्याला लेखी होकार पाठवला. लगेच नांदगाव पेठलाही कळवलं की आपण दुसरीकडे होकार दिला आहे, आपलं नाव मागे घ्यावं. कोणाला अंधारात ठेवायचं नाही, असं त्याने या खेपेला ठरवलं होतं. मामांचे तीन फोन येऊन गेले होते. चौथा त्याने घेतला. "झालं नं काम?" मामांनी उत्साहाने विचारलं. "झालं, मामा," तो म्हणाला.

आता तो पहाटे निघतो. दुपारच्यासाठी गल्लीतल्या शकुनबाई येतात. मनाने भल्या आणि हाताने हळुवार आहेत, पण देवमन दात आवळून पडून राहतात. दोन दिवस दुपारी पोटात पाण्याशिवाय काही गेलं नाही. तिसऱ्या दिवशी ललितने जेवणाच्या सुट्टीत व्हिडिओ कॉल केला. शकुनबाईंनी मला हाक मारली, म्हणून मी जाऊन फोन देवमनांच्या डोळ्यांसमोर धरला. पडद्यावर ललित गोदामाच्या भिंतीशी उभा होता, हातात त्याचाही डबा होता.

"आ करा, बाबा," तो म्हणाला आणि त्याने आ केला.

देवमनांनी तोंड उघडलं. शकुनबाईंनी चमचा आत सोडला. पण घास गालातच राहिला. गालाला बोट लावलं तरी कंठ हलेना. म्हातारा नुसता पडद्यातल्या तोंडाकडे पाहत होता आणि ओठांच्या कोपऱ्यातून खिचडी उशीवर उतरत होती.

"गिळा, बाबा. मी आहे नं. गिळा," ललित म्हणत होता. मागून कोणीतरी त्याला हाक मारली. तो तसाच उभा राहिला, तोंड उघडं ठेवून.