पेडलला तेल

आमची वहिनी कुणाला त्रास द्यायचा नाही एवढ्यासाठीच जन्माला आली असावी. चहात साखर नसली तरी मुकाट्यानं पिते. आम्ही दोघी शर्टांच्या कारखान्यात आहोत. मी बटणं लावते, ती वाफेच्या इस्त्रीवर असते. उजव्या पायानं पेडल दाबलं की वरचा जड तवा खाली येतो, भस्सकन वाफ सुटते आणि कॉलर ताठ होते.

त्या सकाळी तिच्या बेंबीभोवती दुखायला लागलं. डब्याला हात लावला नाही, वर उलटी झाली. आमच्याकडे बाईचं पोट दुखलं की कारण एकच. सुपरवायझरबाईंनी गरम पाण्याची पिशवी दिली. "पाळीचं असेल. शेक घे."

दुपारनंतर दुखणं बेंबीपाशी राहिलं नाही. खाली उजवीकडे सरकलं आणि तिथंच ठाण मांडून बसलं. पेडलसाठी पाय उचलला की वहिनी कळवळायची.

"उजव्या पायाची ओढ पोटाला बसली," बाईंनी निदान केलं. "पेडल जड झालंय."

लगेच मेकॅनिक आला. हिच्या पोटात आग आणि ही शहाणी माणसं पेडलला तेल पाजत होती! वहिनी तर त्यांच्याही वरताण. ती डाव्या पायानं पेडल मारायला लागली. माझं डोकंच फिरलं. मशीन बंद केलं आणि तिला रिक्षात घातलं. प्रत्येक गतिरोधकाला ती माझं मनगट आवळत होती.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पहिलं विचारलं, "दुखायला सुरुवात कुठे झाली? गाडी उसळली तेव्हा जास्त दुखलं?" मग पोटाच्या उजव्या खालच्या बाजूला हळूच दाबून हात झटकन काढला. कधी हूं की चूं न करणारी वहिनी ओरडली.

"बेंबीपासून इथं सरकलेलं दुखणं म्हणजे आधी अपेंडिक्सचा संशय," त्या म्हणाल्या. रक्तात पांढऱ्या पेशी वाढलेल्या निघाल्या. दिवस गेलेत का तेही तपासलं, नव्हते. सोनोग्राफीत अपेंडिक्स टम्म सुजलेलं दिसलं.

"आजच ऑपरेशन. पाण्याचा घोटही नको."

"उद्या केलं तर?" वहिनी पुटपुटली. "आज माल जायचाय."

"फुटलं तर पू पोटभर पसरेल, जिवावर बेतेल. आणि फुटल्यावर कधीकधी जरा वेळ दुखणं कमी होतं. लोकांना वाटतं, बरं झालो."

"माल गेला खड्ड्यात!" मी ओरडले. सगळा दवाखाना माझ्याकडे बघायला लागला. बघू दे.

अपेंडिक्स फुटायच्या आत निघालं. सर्जन म्हणाले, आणखी उशीर चालला नसता.

शुद्धीवर आल्यावर वहिनीनं मला जवळ बोलावलं. ओठ कोरडे पडले होते. मला वाटलं, पाणी मागेल.

"बाईंना सांग," ती म्हणाली, "पेडल आता छान हलकं झालंय. त्यांना उगाच वाईट वाटायला नको."