अकरा सेकंद

काल टेबलाच्या खणात ओलसर वासाचा एक कागद सापडला आणि येडशीच्या घरातली ती दुपार आठवली. पावसाच्या आठवणींवरची माझी कविता मी व्हिडिओत म्हणणार होतो, तिची ही संहिता. डावीकडं म्हणायच्या ओळी, उजवीकडं पडद्यावरचं चित्र आणि कुठं किती सेकंद गप्प राहायचं ते. चित्रीकरणाआधी वेळ मोजायला मी ती आईसमोर मोठ्यानं वाचली, पण जरा बिचकतच, कारण मी लहान असताना बाबा भरल्या ओढ्यापलीकडं अडकले, त्या संध्याकाळबद्दल आई कधीच बोलली नव्हती. 'ओढा भरला, बाबा पलीकडं' ही ओळ म्हणून मी थांबलो. समोर लिहिलं होतं, 'चित्र: फेसाळतं पाणी. शांतता: तीन सेकंद.' आई उठली. मला वाटलं, दुखावली. पण ती कागदावर वाकून म्हणाली, "तीन लई कमी हायत. आन् पाणी कशाला दावतूस? आमी पाण्याकडं बघितलंच न्हाय, वाटंकडं बघत हुतो." मी पाणी खोडून 'रिकामी वाट' लिहिलं आणि विचारलं, "मग किती थांबू?" "म्या सांगते," म्हणत ती दाराकडं बघत राहिली. मी मोबाइलवर सेकंद मोजत होतो. अकराव्याला तिनं श्वास सोडला, "आता आले." माझाही जीव भांड्यात पडला. व्हिडिओत त्या जागी अकरा सेकंद कुणीच बोलत नाही, आणि येडशीला तो लावला की तेवढ्यात मी दरवेळी पडवीत पेपर वाचत बसलेल्या बाबांकडं एकदा बघून घेतो.