नऊ टक्के चुना

धुळ्याच्या कॉलेजात माझ्या प्रोजेक्टला काळी माती हवी होती; चुन्यानं ती किती भक्कम होते ते बघायचं होतं. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, शिंदखेड्याच्या आमच्या वावरातून गोणीभर आणून दिली. तिच्यात तीन, सहा आणि नऊ टक्के चुना मिसळून मी साच्यात ठोकून नळकांडी केली. एक बिनचुन्याचं ठेवलं. सगळी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून मुरू दिली.

दाबून बघायच्या दिवशी आबा आलेच. बिनचुन्याचं नळकांडं यंत्राखाली जरा दाबताच फुगलं, तडकलं.

"हळू दाब ना, बाई!" आबा कळवळले.

"आबा, फुटेपर्यंतच दाबायचं असतं!" मी चिडले.

तीनचं जास्त टिकलं, सहाचं त्याहून जास्त. नऊचं सर्वांत भक्कम निघणार, असं आबा छातीठोकपणे सांगत होते. ते सहाच्याहून कमी दाबातच फुटलं. गरजेपेक्षा चुना जास्त झाला की ताकद उतरते, हे मी सांगितल्यावर ते खुदकन हसले.

मी तुकडे टाकायला निघाले, तर त्यांनी रुमाल पसरून फक्त बिनचुन्याचे गोळा केले.

"आबा, तेच तर सगळ्यांत कच्चे!"

"हाई वावरमा परत टाकसू," रुमालाला गाठ मारत ते म्हणाले. "चुनानी मातीमा काही उगाव नही."