दादांच्या नावावरचं तिसरं सिम

दादांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, दहाव्याला भावकीत एकच विषय होता. वरच्या आळीतला एक माणूस वारला, त्याचं सिम चालूच राहिलं, त्यावरून कुणीतरी लोकांना गंडवलं आणि पोलीस आले ते त्याच्या बायकोच्या दारात. झालं! आईनं दुसऱ्याच दिवशी मला फर्मान सोडलं, "तुज्या दादांच्या नावावर जे जे हाय ते समदं बंद कर. त्यांच्या नावाला बट्टा लागाया नको." मी जुन्नरला शाळेत शिकवते, म्हणजे मला सगळं येतं, असा आमच्या अवसरीच्या घराचा समज. तो मला मोडवत नाही, हा माझा दोष.

दादांचं पाइप-फिटिंगचं दुकान होतं, त्यामुळे जीएसटीही होता. मंचरच्या करसल्लागारांनी मला आधीच दम भरला. "ताई, मोबाईल सगळ्यात शेवटी. जीएसटीचा ओटीपी त्याच नंबरवर येतो. आधी सिम बंद कराल आणि माझ्यासमोर रडत बसाल." मग मी वारस म्हणून जीएसटी नोंदणी रद्द करायचा अर्ज केला. दादा गेल्याचं आधारवाल्यांना माझ्याच लॉगिनवरून, मृत्यू नोंदणीचा क्रमांक घालून कळवलं. आयकराचं शेवटचं विवरणपत्र भरलं की पॅन परत करायचं पत्र द्यायचं होतं. एवढे कागद मी माझ्या लग्नातसुद्धा केले नव्हते.

तोवर दादांचा साधा फोन आई चार्ज करून ठेवायची. त्यात एकही नाव साठवलेलं नव्हतं. सगळे नंबर त्यांना तोंडपाठ, आणि त्याची केवढी मिजास! आता हा फोन रोज वाजायचा, कधी सकाळी, कधी दुपारी, आणि नंबर एकच. आई हात लावायची नाही. "फसवणाराच आसंल मेला," म्हणायची.

एकदा मी दूरसंचार खात्याच्या संकेतस्थळावर दादांचा नंबर टाकून त्यांच्या नावावर किती सिम आहेत ते पाहिलं. दोन निघतील असं वाटलं होतं, त्यांचं आणि आईचं. निघाली तीन! मधले आकडे झाकलेले होते, पण तिसऱ्याचे शेवटचे आकडे रोज वाजणाऱ्या नंबरचेच. म्हणजे कुणीतरी दादांच्याच नावावर सिम काढून गंडवत होतं! 'हा नंबर माझा नाही' यावर बोट ठेवणार, तेवढ्यात आईनं मनगट धरलं.

"थांब," ती म्हणाली. "बाई हाय ती."

"कोण बाई?"

"मी एकदा उचलला व्हता. बाई बोलली. मी कट केला." मग पदराचं टोक पिळत म्हणाली, "सिम त्यांनीच घेऊन दिलं आसंल तिला."

मी उसळलेच. दादा आणि बाई! जो माणूस पाहुणी आली की गोठ्यात जाऊन बसायचा! पण मग आईचा चेहरा पाहिला. पोलिसांचं भय कुठल्या कुठे गेलं होतं. चाळीस वर्षांचा संसार तिनं त्या कट केलेल्या फोनात मोजायला घेतला होता. मला फार वाईट वाटलं, आणि दादांचा खोटाच राग आला.

"लाव," आई म्हणाली. "माज्यासमोर लाव. कोण हाय ते कळू दे."

मी दादांच्याच फोनवरून लावला, स्पीकर केला. बाईनं उचलला. आवाज गोड, शहरी.

"नमस्कार. लाईट आलेली आहे. मोटर बंद आहे. मोटर चालू करण्यासाठी एक दाबा."

बाई कसली, मोटरचं यंत्र बोलत होतं! दादांनी विहिरीवरच्या स्टार्टरच्या डब्यात सिम टाकून घेतलं होतं. लाईट आली की डबा मालकाला फोन करून कळवायचा. दादा गेल्यापासून मोटर चुलते हातानं चालू करत होते. त्यांना विचारलं तर म्हणाले, "मला वाटलं, तुमाला ठावं हाय!"

आई हसता हसता रडायला लागली. मग नाक पुसून म्हणाली, "एवढी गोड बोलती तर संशय येणारच की!" मी त्या 'माझा नाही'वर बोट दाबलं असतं तर काही दिवसांत मोटरही मुकी झाली असती.

जीएसटी रद्द झाल्याचं कळलं, पॅनचं पत्र पोचलं. मग आईला घेऊन मोबाईलच्या दुकानात गेले. मृत्यू दाखला आणि तिचं आधार दाखवून तिचं सिम आणि मोटरचं सिम तिच्या नावावर करून घेतलं. मोटरवाल्याकडून डब्यातला मालकाचा नंबर बदलून आईचा घालून घेतला. सगळ्यात शेवटी दादांचा नंबर बंद केला. आईच्या हातातल्या फोनवरची रेंजची पट्टी गेली.

दुसऱ्या दिवशी ती वाल निवडत होती. तिचा फोन वाजला. तिनं हात पुसले, उचलला, बाईचं सगळं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"ते गेले बाई," तिला म्हणाली. "आता मलाच सांगत जा." आणि तिनं एक दाबला.