बासष्ट ग्रॅमचं थान

एम.ए. झाल्यावर मला चौकाजवळच्या गल्लीत एका रेशीम निर्यातदाराकडे नोकरी लागली. काम विचारलंत तर सांगायला सोपं, करायला चिडचिडं. विणकर थान, म्हणजे कापडाचा अख्खा तागा, आणत, मी त्यातून दहा सेंटीमीटर लांब-रुंद असा चौकोनी तुकडा कापायचा, सोनाराकडे असतो तशा छोट्या काट्यावर तोलायचा, आलेल्या ग्रॅमला शंभराने गुणायचं. झालं एका चौरस मीटरचं वजन. मग नमुन्याच्या कार्डावर तो तुकडा चिकटवून खाली इंग्रजीत दोन ओळी लिहायच्या : कापड कसं पडतं, कोणत्या ऋतूत घालायचं. परदेशातल्या गिऱ्हाइकाला कापड हातात धरता येत नाही, माझ्या ओळी वाचूनच तो ठरवणार.

रामघाटावरच्या घरात वडील वेद शिकवत, आणि मी परदेशी बायकांना त्यांचा उन्हाळा कसा घालावा ते शिकवत होते. घरात यावरून माझी यथेच्छ टिंगल व्हायची.

सेठजींनी भिंतीवर एक यादी लावली होती. सत्तरच्या खाली उन्हाळा, पाण्यासारखं पडणारं. सत्तर ते शंभर शरद, मध्यम. त्याच्या वर हिवाळा. मला या यादीचा रागच होता. कारण कोरा, म्हणजे डिंक न काढलेलं रेशीम, चाळीस ग्रॅमचं असलं तरी पापडासारखं ताठ उभं राहतं, आणि पीळदार धाग्याचं शंभरचं कापड खांद्यावरून सुळकन घसरतं. वजन एवढंच सांगतं की किती माल आहे. तो कसा वागेल, ते धाग्याला आणि विणीला विचारावं लागतं. पण सेठजी म्हणायचे, "आँकड़ा झूठ नहीं बोलता, मैडम।" आणि खरं सांगते, रागावूनसुद्धा मी आकड्यालाच मानायची.

त्या वर्षी एका गिऱ्हाइकाला उन्हाळी ओढण्यांसाठी हलकं रेशीम हवं होतं. अट एकच, वजन पासष्टच्या वर नको. मदनपुऱ्यातल्या एका वयस्क विणकराला सेठजींनी नमुन्याचं थान विणायला सांगितलं होतं. आम्ही सगळे त्यांना चचा म्हणायचो. थान पास झालं तर वर्षभर त्यांचा माग त्यांच्याच घरात चालणार होता. नाही झालं तर दुसऱ्याच्या कारखान्यात जाऊन बसावं लागणार होतं, आणि साठीच्या माणसाला ते किती जड जातं, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

चचांनी थान माझ्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "देख लो बिटिया, हवा बुनी है।"

मी कात्री घेतली. आमच्या हपिसात थानाच्या पोटात कात्री घालायची नाही असा रिवाज होता. मधे भोक पडलं की थानाचे दोन तुकडे होतात आणि ते गेलंच म्हणायचं. आमच्याकडे घरीसुद्धा कोऱ्या लुगड्याला मधे कात्री लावलेली आईला खपत नसे, त्यामुळे हा रिवाज मला आपोआप पटला होता. तुकडा नेहमी टोकाचा. मी टोकाचा कापला, तोलला. शून्य दशांश एक्याऐंशी. म्हणजे एक्याऐंशी.

दोनदा तोलला. तेच.

"चचा, इक्यासी आ रहा है," मी म्हटलं. त्यांनी थानावरून एकदा हात फिरवला, सलाम केला आणि गेले. मी कार्डावर लिहिलं : मध्यम पडणारं, शरद ऋतूसाठी. वर सेठजींना सांगितलंही, की काम नीट झालं नाही. माझ्या स्वभावात एक वाईट खोड आहे, माझं बरोबर असलं की मी आवाज जरा चढवते.

थान परत न्यायला कोणी आलं नाही. आठ दिवस ते माझ्या खुर्चीच्या पाठीवर पडून होतं. एके दिवशी सकाळी मी पंखा लावला आणि त्याचं टोक उडून माझ्या खांद्यावर आलं. मी ते झटकलं, तर हाताला काही लागलंच नाही. एक्याऐंशीचं कापड असं उडत नाही. माझ्या डोळ्यांनी हे आठ दिवस पाहिलं होतं, पण मी त्यांचं ऐकलं नव्हतं.

थानाचं टोक खिडकीत उजेडाला धरलं. पहिला वीतभर भाग दाट, आणि तिथून पुढे एकदम मोकळं. त्या वीतभरात आडवा धागा दुहेरी होता. जुन्या पद्धतीचे विणकर असं करतात, म्हणजे थान गुंडाळताना त्याचं तोंड, म्हणजे सुरुवातीचं टोक, ढिलं पडत नाही. बाकीचे लोक तोंड कापूनच थान आणायचे. चचांना कापलेल्या कडेचं थान देणं अपमानाचं वाटत असणार. आणि मी नेमका त्याच वीतभरातला तुकडा तोलला होता.

सेठजींना म्हटलं, मला मधोमध कापायचंय. ते कपाळाला हात लावून बसले. "थान खराब हो जाएगा!"

"खराब तर मी आधीच करून बसलेय," मी मराठीतच म्हटलं आणि कात्री घातली. काट्यावर आकडा आला शून्य दशांश बासष्ट. आणखी एका जागी कापलं. बासष्टच. सेठजींनी स्वतः चष्मा पुसून पाहिलं आणि गिऱ्हाइकाला फॅक्स पाठवायला सांगितलं. नव्या कार्डावर मी आधी कापड हातावर टाकून ते कसं पडतं ते लिहिलं, आणि मग खाली आकडा.

दुपारी थान काखेत मारून मी मदनपुऱ्यात गेले. चचा मागावर बसले होते. मागावर नवं कापड लागलेलं होतं, पण असं विरळ, की त्यातून पलीकडची भिंत दिसत होती. बोटाने जरा ओढलं तर धागे सरकत होते. असलं कापड चचांच्या हातचं असणं शक्यच नव्हतं.

"ये क्या बुन रहे हैं, चचा?"

"हल्का कर रहे हैं," ते मान वर न करता म्हणाले. "हमें लगा, हाथ भारी हो गया हमारा। उमर हो गई।"

मी खालीच बसले. चूक माझी होती, तुकडा मी चुकीच्या जागचा कापला, थान बासष्ट आहे, फॅक्स गेला, हे सगळं मी एका दमात सांगितलं. त्यांना तोंडाच्या दुहेरी धाग्याचं सांगितलं, तेव्हा ते चकित होऊन माझ्याकडे बघत राहिले. तो धागा दुहेरी आहे हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? पण काट्याने तोललंय म्हटल्यावर त्यांनी काट्यावर संशय घेतला नव्हता, माझ्यावरही नाही. चाळीस वर्षं विणत आलेल्या स्वतःच्या हातावर घेतला होता.

"सच में बासठ?"

"बासठ. दो जगह से तौला."

त्यांनी आत तोंड करून हाक मारली, "सुनती हो? बासठ है!"

चाची पदराला हात पुसत दारात आल्या. त्या माझ्याकडे बघून रागाने नाही, सरळच म्हणाल्या, "आठ दिन से रोटी आधी छोड़कर उठ जाते हैं।"

बासष्ट आलं म्हणून मी आनंदाने आले होते. त्या आठ दिवसांचा हिशेब मी धरलाच नव्हता. माफ करा म्हणायचं सोडून थान मांडीवर घेऊन मी रडायलाच लागले.

चचा मागावरून घाईघाईने उतरले आणि त्यांनी थान माझ्या मांडीवरून ओढून घेतलं.

"इधर मुँह करके रो, बिटिया," ते म्हणाले. "रेशम पर पानी का दाग नहीं जाता।"