पाठीमागून आई

हनुवटीमामांची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा मी पासपोर्टचा फोटो काढायला गेलो होतो. फोटो निघाला तोपर्यंत पासपोर्टची मुदत संपत आली असावी. मामांनी माझी हनुवटी दोन बोटांत धरली, खाली नेली, वर नेली, डावीकडे सरकवली, मग लांब जाऊन डोळे बारीक करून पाहिली आणि परत येऊन जिथे होती तिथेच ठेवली. माझ्या मागे रांगेत एक तरुण जोडपं होतं. माझा नंबर लागला तेव्हा त्यांचं लग्न ठरत होतं, बाहेर पडलो तेव्हा त्यांचं भांडण मिटत होतं. आमच्या पेठेत ज्याच्या हनुवटीला मामांचा हात लागला नाही असा माणूस नव्हता, आणि म्हणून हे नाव.

त्यांच्या स्टुडिओत आत जायला एक काळा पडदा होता आणि पडद्याआड संगणक. अलीकडे मामा एक नवं काम करू लागले होते. ज्यांचा फोटो कधी निघालाच नाही अशा माणसांचं चित्र यंत्राकडून काढून घ्यायचं. गिऱ्हाईक मराठीत सांगे, मामा त्याचं इंग्रजी करून यंत्राला देत. त्या मजकुराला प्रॉम्प्ट म्हणतात. मराठीतून दिलं तर त्यांचं यंत्र निम्मं ऐकायचं आणि उरलेलं आपल्या मनानं भरायचं, तेव्हा इंग्रजी लागेच.

"माझं इंग्रजी कच्चं आहे," मामा म्हणत, "म्हणून प्रॉम्प्ट पक्का होतो. मला अवघड शब्द येत नाही, मग मी वस्तू सांगतो."

हे खरं होतं. 'ट्रॅडिशनल' हा शब्द त्यांनी स्टुडिओतून हद्दपार केला होता. "ट्रॅडिशनल म्हटलं की हे यंत्र थेट लग्न लावतं," ते सांगत. एका म्हाताऱ्याची आजी त्यांनी तशी मागितली, तर दागिन्यांनी वाकलेली नवरी आली. 'दागिने नकोत' असं लिहिलं तर आणखी आले, कारण यंत्राला 'नको' फारसं ऐकू येत नाही, 'दागिने' तेवढं ऐकू येतं. शेवटी मामांनी लिहिलं, गळा उघडा, मनगटात फक्त साध्या हिरव्या काचेच्या बांगड्या. तेव्हा कुठे आजी घरी आली.

मग एके दिवशी मामांची ताई राहायला आली. मामांपेक्षा सहा वर्षांनी मोठी, आणि मामांना दुकानात, सगळ्यांदेखत, "नाक पूस आधी," म्हणू शकणारी जगातली एकमेव व्यक्ती. त्यांची आई मामा रांगायच्या आधीच गेली होती. फोटो नव्हता. ज्या माणसानं अख्ख्या पेठेच्या हनुवट्या सरळ केल्या, त्याला स्वतःच्या आईची हनुवटी कशी होती ते माहीत नव्हतं. ते माहीत असणारी एकच व्यक्ती उरली होती, आणि ती समोर खुर्चीवर पाय वर घेऊन बसली होती.

"सांग," मामा म्हणाले. बोटं कीबोर्डवर होती. मी शेजारच्या स्टुलावर होतो; मी लिहितो म्हणून मामा मला लेखक म्हणत आणि पडद्याआड बसू देत.

"आई मागच्या दाराशी उकिडवी बसून तांदूळ पाखडायची. सकाळची. हिरवं लुगडं, काठ विटलेला. झालं."

"झालं काय? एवढ्यावर कुणाचीही आई येईल."

कुणाचीही आलीच. पहिल्या चित्रात आईच्या हातात सहलीला नेतात तसली टोपली होती. मामांनी सूप लिहून काढलं: बांबूचं विणलेलं, चपटं, तीन बाजूंना कड, पुढून उघडं, दोन्ही हातांनी धरलेलं, दाणे हवेत उडालेले. सूप सुधारलं, पण आई व्यायामशाळेतल्या बाईसारखी बसली.

"ही काय उठाबशा काढतेय?" ताई म्हणाली.

मामांनी 'स्क्वॉट' खोडलं. तळवे पूर्ण जमिनीवर टेकलेले, गुडघे छातीपाशी, बैठक टाचांपासून जराशीच वर, अंग सैल. लुगड्यालाही नुसतं नाव दिलं नाही. नऊवारी लिहिलं, पुढे खुलासा केला की कापड दोन पायांतून मागे घेऊन कमरेला खोचलेलं, घडी पाठीवर दिसते.

चित्रं येत राहिली आणि प्रत्येकातल्या आईला चेहरा होता. रुंद, गोल, हसरा.

"ही का?" मामा विचारत.

"ही... असेल."

"असेल काय ताई? नाक कसं होतं?"

"नाकासारखं. तू लिही की."

"मी काय लिहू? मला कुठे दिसली?"

एका चित्रात सावळी, किंचित पुढे दात असलेली बाई होती. मामा तिच्याकडे बराच वेळ बघत राहिले. "हिचे दात माझ्यासारखे आहेत," ते म्हणाले. ताई पटकन म्हणाली, "हो, हीच. छाप." आणि चहाचा कप घेऊन उठली.

मामांनी छापलं नाही. पक्कं करण्याआधी प्रॉम्प्ट पहिल्यापासून वाचायचा त्यांचा नियम होता, आणि त्यांच्या प्रॉम्प्टमध्ये एक ओळ कायम असे, कॅमेरा कुठे आहे. मराठीत गोष्ट सांगताना कुणी कॅमेरा सांगत नाही. आई तांदूळ पाखडत होती म्हटलं की झालं, बघणारा कुठे होता ते कोण विचारतं? पण यंत्राला सांगावं लागतं, नाहीतर ते आपलं समोर जाऊन उभं राहतं.

ती ओळ मोकळी होती. ती भरण्यासाठी मामा ताईनं अधूनमधून सांगितलेलं सगळं परत वाचू लागले. काष्टा कमरेला खोचलेला. अंबाड्यातून सुटलेले मानेवरचे केस. पोलक्याला मागून उसवलेली शिवण. टाचांना भेगा. सूप हललं की खांद्याची हाडं वरखाली व्हायची.

ते थांबले. मला म्हणाले, "लेखक, तुम्ही जरा बाहेर जाता का?" मी उठणार, तेवढ्यात स्वतःच बोलले. "ताई, तू मागे बसायचीस?"

ताईनं कप खाली ठेवला. "घरात. भिंतीला टेकून. तू मांडीवर असायचास."

"आणि ती वळायची नाही?"

"वळत असेल रे. माझ्या डोळ्यासमोर येते ती पाठमोरीच. पन्नास-साठ वर्षं आठवून बघतेय. तोंड गेलं माझ्याकडून. तू एवढ्या आशेनं बसला होतास, म्हणून म्हटलं, ही तर ही. तुला कुठे कळणार होतं."

पडदा हलला, बाहेर कुणीतरी फोटोसाठी येऊन उभं होतं. मामा म्हणाले, "उद्या या." गिऱ्हाइकाला परत पाठवताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं.

मग त्यांनी लिहिलं. कॅमेरा बाईच्या मागे, खोलीच्या आत, जमिनीवर बसलेल्या सहा वर्षांच्या मुलीच्या डोळ्यांच्या उंचीवर. बाई दाराकडे तोंड करून, पाठमोरी. समोरून सकाळचं ऊन, भुसा उन्हात उडताना. ओळीओळीनं ते ताईला मराठीत परत वाचून दाखवत होते, आणि ती नुसती मान हलवत होती.

चित्र आलं. ताई खुर्चीवरून उतरली आणि संगणकासमोर जमिनीवरच बसली. तिथून वर बघत म्हणाली, "अगं बाई." आणि तोंडावर पदर घेऊन रडली.

मामा तिच्या शेजारी बसले. त्यांना रडू आलं नाही. ते त्या पाठीकडे बघत होते, जसं बंद दाराकडे बघतात तसं.

"छान आलंय," मी काहीतरी बोलायचं म्हणून बोललो.

"आलंय ना," ते म्हणाले. "तिची आई आली."

मी घरी निघालो तेव्हा ते चेहऱ्यांची चित्रं एकेक करून पुसत होते. पुढे दात असलेल्या बाईपाशी त्यांचा हात अडला. "हिला ठेवा की," मी म्हणालो. "कोणाला कळणार आहे?"

"मला," म्हणाले, आणि तीही पुसली.

चित्र ताईनं आपल्या घरी नेलं. दोन वर्षांनी ताई वारली. घराला रंग देताना तिच्या मुलानं ते उतरवलं आणि मामांकडे पाठवून दिलं. स्टुडिओच्या माळ्यावर आहे, चादरीत गुंडाळून.