भातगिरणीची पहिली चाल

पेणच्या महाविद्यालयात मी अर्थशास्त्र शिकवत असे. निवृत्तीनंतर, ज्या वयात लोक गिरण्या मुलांच्या हाती सोपवतात त्या वयात, वरसे गावातल्या आमच्या रिकाम्या शेडमध्ये भातगिरणी टाकावी असे माझ्या मनात आले. साठवलेले जवळजवळ सगळे त्यात जाणार होते. यंत्र ठरले होते. आगाऊ रक्कम तेवढी भरायची होती.

ती भरण्यापूर्वी मी जवळच्या अष्टमी गावातल्या गिरणीमालकांना भेटायला गेलो. आसपास त्यांची एकच गिरणी होती, आणि न सांगता समोर उभे राहणे मला प्रशस्त वाटेना.

त्यांनी चहा मागवला. "टाका की, सर. पण तुमची चालू झाली त्या दिवशी मी भरडाईची मजुरी निम्मी करणार."

"परवडेल तुम्हाला?"

"नाय परवडणार. तुम्हाला परवडंल का ते बघा."

घरी येऊन मी प्रश्न शेवटाकडून सोडवला. माझी गिरणी उभी राहिली आहे असे आधी धरायचे, आणि तेव्हा मालकांचे हित कशात असेल ते पाहायचे. त्यांचे यंत्र जुने, वीज खाणारे. निम्म्या दरात प्रत्येक पोत्यामागे तोटा. त्यापेक्षा दर तोच ठेवून गिऱ्हाईक वाटून घेणे त्यांना बरे. म्हणजे ते दर पाडणार नाहीत. धमकी पोकळ होती, मी उतरावे.

"मग भरा पैसे," पत्नी म्हणाली.

मी म्हणालो, आकडेमोड एकदा तपासून घेतो. तपासण्यात भाताची लावणी उरकली.

त्यानंतर एका सकाळी कुंडलिका नदीच्या पुलावर माझी रिक्षा एका ट्रकमागे अडकली. ताडपत्रीखाली नवे यंत्र होते, मी ठरवलेल्याच्या दुप्पट मोठे. ट्रक अष्टमीत वळला.

मी पुन्हा शेवटाकडून सुरुवात केली. त्या यंत्राचे पैसे आता गेलेच होते. पोत्यामागचा खर्च मात्र इतका थोडा की निम्म्या दरातही काही सुटेल. आणि एवढे यंत्र चालते ठेवायला साऱ्या पंचक्रोशीचे भात हवे. आता मी उतरलो तर दर पाडणेच त्यांच्या फायद्याचे. धमकी तीच होती, पण आता ती खरी होती. माझे यंत्र आधी बसले असते तर एवढे मोठे घेणे त्यांना परवडले नसते. माझे गणित बरोबर होते. खेळ माझ्या चालीने सुरू होतो, एवढेच मी चुकीचे धरले होते. शिवाय त्यांना आधी चाल करायची सवड मीच, चहा पिऊन, देऊन आलो होतो.

"मग?" पत्नीने विचारले.

"नको."

"तपासून बघणार नाही?"

"नाही."

दिवाळीनंतर आमचे भात मी अष्टमीलाच नेले. नव्या यंत्रात तांदूळ कमी तुटला. भरडाई पूर्वीचीच होती.

"मालक, निम्मी करणार व्हता ना?" रांगेतून कोणीतरी विचारले.

"समोर कोण आलाय का?" मालक म्हणाले.

रांगेने माझ्याकडे पाहिले. मी पोत्याचे तोंड बांधू लागलो.